'यहाँ बस' म्हटलं आणि दाईंचा चेहरा पडला

आमची रत्नागिरीपासून थोडं आत हापूसची बाग आहे. दिवाळीनंतर दरवर्षी नेपाळहून सात-आठ माणसं येतात, राखण, फवारणी, तोडणी सगळं तेच बघतात आणि पाऊस लागला की परत जातात. दोघं जण बायकापोरांसकट येतात. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालतं. गेल्या सीझनला म्हटलं नेपाळी शिकूया, लिपी तर आपलीच आहे, हिंदी येतं, महिनाभरात जमेल. मोबाईलवर शोधून 'यहाँ बस' एवढं पाठ केलं आणि सगळ्यात जुने जे दाई आहेत, पंचावन्नच्या आसपास, त्यांना खुर्ची दाखवून म्हटलं. ते बसले, पण चेहरा पडला, आणि त्यांचा पुतण्या तिकडे तोंड करून हसला. काय चुकलं ते कोणी सांगेना. काका म्हणतात, मजुरांशी अदबीने बोललास की डोक्यावर बसतील, हिंदीतच बोल. आता माणसं यायला दीड महिना आहे. शिकावं का, आणि सुरुवात कुठून करू?
— एक बागायतदार

नमस्कार,

आधी त्या खुर्चीचं बघू, कारण तुमच्या एका वाक्यात जवळजवळ सगळा धडा आहे.

तुम्ही मोबाईलवर 'बस' वाचलंत आणि आपण मराठीत वाचतो तसंच वाचलंत, म्हणजे शेवटचा अ खाऊन, 'बस्'. आपल्याला ते कळतही नाही, घर लिहितो आणि घर् म्हणतो, हे हाडात भिनलंय. नेपाळीत नामांचं असंच होतं, त्यांचंही घर म्हणजे घर्. पण क्रियापदाला ते असं करत नाहीत. तिथे 'बस' लिहिलं तर शेवटचा अ स्पष्ट म्हणायचा, 'बसऽ', आणि तो म्हणायचा नसेल तर मुद्दाम पाय मोडून 'बस्' लिहायचं. आणि ही दोन वेगवेगळी रूपं आहेत. 'बसऽ' हे तिमीचं रूप, बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. 'बस्' हे तँचं रूप, लहान पोराला, गुराला, कुत्र्याला, नाहीतर भांडणात. म्हणजे लिहिलेलं बरोबर होतं, लिपी आपलीच होती, आणि त्या आपलेपणानेच घात केला. मराठी सवयीने एक अ गिळलात आणि पंचावन्न वर्षांच्या माणसाला एक पायरी खाली ढकललंत. अर्थात 'बसऽ' असं अचूक म्हटलं असतंत तरी फार बरं झालं नसतं, तिथे हवं होतं 'यहाँ बस्नुस्'.

आता तुम्ही म्हणाल की आपणही आईला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो, त्यात काय एवढं. इथेच मराठी माणूस फसतो. आपल्या तूचा पसारा मोठा आहे, आई, आजी, बायको, मित्र, शाळकरी पोरगा सगळे त्यात बसतात. नेपाळीत त्या एका तूच्या जागी दोन आहेत, तँ आणि तिमी, आणि तँ फारच अरुंद आहे. देवाला चालतो, अगदी लंगोटीयाराला चालतो, बाकी ठिकाणी बोचतो. तिमी हा आपल्या मित्राला म्हणायच्या तूच्या जवळचा. आणि तपाईं म्हणजे तुम्ही, पण आपल्या तुम्हीपेक्षा कितीतरी जास्त वापरातला, अनोळखी माणूस, दुकानदार, वयाने मोठा कोणीही, आणि आई, आजीसुद्धा. कित्येक घरांत आईबाप दोन-तीन वर्षांच्या पोरालाही तपाईं म्हणतात, का तर त्याला ऐकून ऐकून तसंच बोलायची सवय लागावी. याच्या वर हजुर आहे, तो फार आदराचा, शिवाय 'हो जी' आणि 'काय म्हणालात?' या दोन्ही अर्थांनी दिवसभर ऐकू येतो, पण तो स्वतः वापरायची तुम्हाला सध्या गरज नाही.

काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, पण ते मराठीच्या हिशोबाने बोलताहेत. त्यांना वाटतं तुम्ही म्हणजे मुद्दाम दिलेला मान. नेपाळीत मोठ्या वयाच्या माणसाला तपाईं म्हणणं हा मान देणं नाही, ती साधी पातळी आहे, त्याच्या खाली गेलात तरच लोकांचं लक्ष जातं. तुमच्या बागेतला तो पुतण्याही स्वतःच्या काकाला तपाईंच म्हणत असणार, कान देऊन ऐका. मग बागेचा मालक, वीसएक वर्षांनी लहान, त्याच माणसाला सगळ्यांसमोर तँच्या रूपात 'बस्' म्हणतो. पुतण्या हसला तो बहुधा अवघडून.

आणि यातली गंमतीची गोष्ट ही की आदराचं रूपच व्याकरणाने सगळ्यात सोपं आहे. म्हणून माझा सल्ला पहिल्यापासून एकच, तँ आणि तिमीची रूपं पाठच करू नका, थेट तपाईंपासून सुरू करा. शब्दकोशात क्रियापद नु लावून सापडतं, गर्नु म्हणजे करणं, जानु जाणं, खानु खाणं, आउनु येणं. या नु-वाल्या रूपाला हुन्छ जोडलं की झालं, गर्नुहुन्छ, जानुहुन्छ, आउनुहुन्छ, म्हणजे तुम्ही करता, जाता, येता. भयो जोडलं की भूतकाळ, गर्नुभयो, जानुभयो, केलंत, गेलात. विनंती करायची तर नुस्, बस्नुस्, आउनुस्, खानुस् (लिहिताना नुहोस् लिहितात, बस्नुहोस्, तोंडी नुस् होतं). नको म्हणायचं तर आधी न, नजानुस्, म्हणजे जाऊ नका. एकवचन असो की अनेकवचन, बाई असो की पुरुष, फरक नाही. तुम्ही याच्या जागी ते किंवा त्या आले तरी तेच रूप, फक्त तपाईंऐवजी उहाँ.

उलट खालच्या पायऱ्यांवर बघा. जानु घेतलं तर तँ जान्छस्, तिमी जान्छौ, भूतकाळात गइस्, गयौ. आपल्या जातो-गेलासारखा धातूच बदलतो. तपाईंचं मात्र जानुहुन्छ, जानुभयो, धातू जागचा हलत नाही.

एक धोका आहे आणि तो मी स्वतः भोगलाय. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दोन वर्षं पोखऱ्यात होतो, मी असाच तपाईं-तपाईं घोकून गेले आणि पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीने विचारलं कुठून आलात, तर मी अभिमानाने म्हटलं 'म पुणेबाट आउनुभयो'. म्हणजे मी पुण्याहून येण्याची कृपा केली, असलं काहीतरी. सगळं घर पोट धरून हसलं, आणि नंतर दोन वर्षं मी दारात दिसले की तिचा मुलगा म्हणायचा 'आउनुभयो'. स्वतःला नुभयो लागत नाही. म्हणून तपाईंबरोबर फक्त मची रूपं शिकायची, म गर्छु मी करतो, म जान्छु मी जातो, मैले गरेँ मी केलं, म आएँ मी आलो. समोरच्याला नु, स्वतःला छु आणि एँ. पहिला महिना एवढ्यावर आरामात निघतो.

माघारी बोलतानाही हेच पाळावं लागतं, आणि इथे मराठी सवय पुन्हा आडवी येते. आपण बाबा आले म्हणतो पण आई आली, आजी झोपली. त्या चालीवर तुम्ही दाईंना विचारायला जाल 'आमा आयो?' आणि ते कानाला खटकेल. त्यांच्या आईबद्दल, बायकोबद्दल बोलताना 'आमा आउनुभयो?', 'भाउजू कस्तो हुनुहुन्छ?' भाउजू म्हणजे वहिनी.

जाता जाता, तुम्ही दाई लिहिलंय, मराठीत दाई म्हणजे सुईण. त्यांचं दाइ, मोठा भाऊ. वयाने मोठा असेल तर दाइ, लहान असेल तर भाइ, बायकांना तसंच दिदी आणि बहिनी. बहादूर किंवा कांछा अशी सरसकट हाक मारायची आपल्याकडे पद्धत आहे ती सोडा. कान्छा म्हणजे घरातला शेंडेफळ मुलगा, जेठा, माइला, साइला असे जन्माच्या क्रमाने शब्द आहेत त्यातला तो शेवटचा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला शेंडेफळ म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

लिपीबद्दल अजून थोडंसं. अक्षरं वाचता येतात हा फायदा खरा आहे, मी तो कमी लेखत नाही, पण ती डोळ्याने वाचाल तर चुकाल, एकदा कानाने वाचायला हवीत. ळ त्यांच्याकडे नाही, देशाचं नावच ते नेपाल लिहितात. व बऱ्याच शब्दांत ब होतो, विद्यार्थी लिहिलेलं बिद्यार्थी ऐकू येतं. श, ष, स बोलण्यात बहुतेक सगळे सच. क्षचा छ्य होतो आणि ज्ञचा ग्यँ. मात्र एका ठिकाणी आपण हिंदीवाल्यांच्या पुढे आहोत, त्यांचा च हा आपल्या चाक-मधला च आहे आणि ज हा जावई-मधला ज. त्यामुळे चार हा आकडा चाकातल्या च ने म्हणा, एकदम तिथला वाटेल. हिंदीभाषकाला हा आवाज मुद्दाम बसवावा लागतो, तुमच्या तोंडात तो आधीच आहे.

आता शब्दांना लागणाऱ्या शेपट्या. यात मराठी माणसाला जवळजवळ फुकटचं मिळतं, फक्त हिंदीच्या वाटेने जायचं नाही. आपला ला म्हणजे त्यांचा लाई, मला-मलाई, दादाला-दाइलाई. आपला ने म्हणजे ले, दादाने-दाइले, चाकूने-चक्कुले. आत आणि वर या दोन्हींना बरेचदा मा पुरतो, घरमा घरात, रुखमा झाडावर. हून म्हणजे बाट, पासून म्हणजे देखि, पर्यंत म्हणजे सम्म, सोबत म्हणजे सँग. बिहानदेखि बेलुकासम्म, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बाहेर-बाहिर, तळाशी-तल, माथ्यावर-माथि हे तर सांगायलाही नकोत. आणि लिहायचंही मराठीसारखंच, शब्दाला जोडून.

सुख म्हणजे सामान्यरूप नाही. झाड-झाडावर, भिंत-भिंतीवर, विहीर-विहिरीत असली कसरत नाही, रुखला मा लावला की रुखमा. ओकारान्त शब्द तेवढे आ होतात, हाँगो म्हणजे फांदी आणि हाँगामा फांदीवर, पण बोलताना खूप जण तेही पाळत नाहीत. सर्वनामं मात्र बदलतात, म-मैले-मेरो, ऊ-उसले-उसको, ती पाठ करा. चा-ची-चे-च्याच्या जागी बोलण्यात एकटा को भागतो.

आणि नेमका हा कोच तुम्हाला पाडणार, कारण तुमच्या डोक्यात हिंदी आहे. हिंदीत रामको म्हणजे रामला, नेपाळीत रामको म्हणजे रामचा. तुम्ही घाईत म्हणाल 'दाइको पानी दिनुस्', मनात असेल दादांना पाणी द्या, आणि ऐकणाऱ्याला कळेल दादांचं पाणी द्या. हा गोंधळ एकाच मार्गाने जातो, वाक्य मनात मराठीत जुळवायचं, हिंदीत नाही. ला आला की लाई. मला भूक लागली, मलाई भोक लाग्यो. मला पाणी पाहिजे, मलाई पानी चाहियो. डोकं दुखतंय, टाउको दुख्यो. मला नेपाळी येतं, मलाई नेपाली आउँछ, बघा, येणं हे क्रियापदसुद्धा तेच. हिंदीतून आलात तर यातलं निम्मं हातचं जाईल. तीन जणं म्हणायला ते 'तीन जना' म्हणतात, आणि वस्तू मोजायच्या तर वटा, तीनवटा क्रेट.

लेबद्दल एक फरक लक्षात ठेवा. आपण दादांनी आंबा तोडला, कैरी तोडली, आंबे तोडले म्हणतो, क्रियापद फळाकडे बघून बदलतं. नेपाळीत ते करणाऱ्याकडेच बघतं. 'दाइले आँप टिप्नुभयो', आंबा एक असो की शंभर. आणि आपण मी, तू ला ने लावत नाही, ते लावतात, मी भात खाल्ला म्हणजे 'मैले भात खाएँ'. फळाचं लिंग-वचन विसरायचं, मैले विसरायचं नाही.

आपल्या एका आहे-साठी तिथे दोन शब्द आहेत, हो आणि छ. कोण आहे, काय आहे अशी ओळख सांगायची तर हो, 'यो आँप हो', 'म रत्नागिरीको हुँ'. कुठे आहे, कसा आहे, जवळ आहे का, याला छ, 'दाइ' असेल तर हुनुहुन्छ. 'म बगैँचामा छु', मी बागेत आहे. 'आँप राम्रो छ', आंबा चांगला आहे. चुकलात तरी लोक समजून घेतात, त्यामुळे यावर रात्री जागवू नका. होकार द्यायला हो च चालतो, अगदी आपल्यासारखा, हे बोनस.

सारखे दिसणारे शब्द मात्र फसवतात. घाम म्हणजे तिथे ऊन, आपला घाम म्हणजे पसिना. दाइ म्हणाले 'आज धेरै घाम छ', तर ऊन फार आहे. शिक्षा म्हणजे शिक्षण, तेव्हा पोराच्या शिक्षाबद्दल बोलत असतील तर दचकू नका. मिठो म्हणजे चवदार, गोड नाही आणि खारट तर नाहीच, मीठ म्हणजे नुन. खोला म्हणजे ओढा-नदी. मल म्हणजे खत. आणि तुमच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा लड्नु, त्याचा एक अर्थ लढणं आहे पण दुसरा पडणं. कोणी धावत येऊन म्हणालं 'दाइ रुखबाट लड्नुभयो', तर भांडण झालेलं नाही, दादा झाडावरून पडलेत, पळा. ही एक ओळ नीट पाठ करून ठेवा.

दीड महिन्याचं असं करा. रोज वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त ठरवलंत तर दुसऱ्या आठवड्यात बंद पडेल.

पहिला आठवडा फक्त वाचणं आणि ऐकणं. बीबीसी नेपाली सेवेच्या किंवा रेडिओ नेपालच्या बातम्या रोज पाच मिनिटं लावा, समजायची अपेक्षा ठेवू नका, वाक्याचा शेवट पकडा, छ, छन्, हुन्छ, भयो. मग बातमीतलीच चार वाक्यं मोठ्याने वाचा आणि स्वतःचं रेकॉर्ड करा. ऐकताना दोनच गोष्टी तपासा, क्रियापदाचा शेवटचा अ म्हटला का, आणि पाय मोडलेला तिथे तो गाळला का. बातम्यांची भाषा जड, संस्कृत शब्दांची, त्यामुळे आपल्याला ओळखीची वाटते आणि फसवा आनंद होतो. बागेत कोणी तसं बोलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात बारा क्रियापदं, तीही तुमच्या कामाची, आउनु, जानु, बस्नु, खानु, गर्नु, हेर्नु, भन्नु, दिनु, लिनु, राख्नु, टिप्नु, समात्नु. हेर्नु म्हणजे बघणं, टिप्नु म्हणजे फळ तोडणं, राख्नु म्हणजे ठेवणं (राखण करणं नव्हे), समात्नु म्हणजे धरणं. प्रत्येकाची चार रूपं तोंडाने, नुहुन्छ, नुभयो, नुस् आणि न लावून. कागदावर तक्ते काढू नका, गाडी चालवताना म्हणा.

तिसऱ्यात शेपट्या. बागेतले दहा शब्द घ्या, रुख, हाँगो, आँप, पात, पानी, डोरी, भर्‍याङ म्हणजे शिडी, क्रेट, औषधि म्हणजे फवारणीचं औषधही, बाटो, आणि त्यांना मा, बाट, ले, लाई, को, सँग लावून क्रियापदाशी जोडा. 'भर्‍याङ समात्नुस्', 'आँप क्रेटमा राख्नुस्', 'त्यो हाँगामा नजानुस्'. या आठवड्यात रोज एक हिंदीवाला को स्वतःच पकडायचा, सापडतोच.

चौथ्यात म. छु आणि एँ, आणि प्रश्न-उत्तराचा सराव, कारण विचारताना नुभयो आणि सांगताना एँ ही उडी जिभेला जमायला वेळ लागतो. 'भात खानुभयो?' 'खाएँ।' 'कहिले आउनुभयो?' 'हिजो आएँ।' घरातल्या कोणाला तरी समोर बसवा, त्यांना नेपाळी येत नसलं तरी चालेल, प्रश्न तुम्ही लिहून द्या.

पाचव्या आठवड्यात तिमी आणि तँची रूपं बघा, पण फक्त ओळखण्यापुरती. छौ ऐकलं तर तिमी, छस् ऐकलं तर तँ. म्हणजे कोण कोणाशी कसं बोलतं ते कळेल, आणि तुमच्याशी कोणी तिमीवर आलंच तर तेही कळेल. कोणाला तिमी म्हणायचं ते तुम्ही सुरू करू नका, लहान पोरं सोडून. मोठ्यांनी स्वतःहून म्हटलं की तपाईं राहू दे, तेव्हा बघा.

सहाव्यात फोन लावा. दाइ अजून गावीच असतील, दशैं-तिहार म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी उरकून निघायच्या तयारीत. दोन मिनिटं बोला, पाच वाक्यं लिहून समोर ठेवा. फोनवर हातवारे नसतात, त्यामुळे खरं काय जमलंय ते लगेच समजतं. आणि त्यातच एक प्रश्न विचाराच, 'घरमा कुन भाषा बोल्नुहुन्छ?' कारण नेपाळहून आलेल्या प्रत्येकाची मातृभाषा नेपाळी असते ही आपली अजून एक समजूत. २०२१च्या जनगणनेत नेपाळी मातृभाषा सांगणारे निम्म्यापेक्षा कमी, साधारण ४५ टक्के होते. तुमची माणसं सुदूर पश्चिमेकडची असतील तर घरी डोटेली, अछामी बोलत असतील, तराईतली असतील तर थारू. तुमच्याशी ते नेपाळी बोलतील, आपसात बोलतील ते तुम्हाला फारसं कळणार नाही, आणि त्यात तुमच्या शिकण्याचा दोष नाही. आपसातलं ऐकून उचललेला शब्द मात्र परत त्यांच्यावरच वापरू नका, तो कोणत्या भाषेतला आणि कोणत्या पायरीचा हे आधी पुतण्याला विचारा.

हिंदी सोडायची का? अजिबात नाही. पगाराचा हिशोब, औषधाचं प्रमाण, डॉक्टरकडचं बोलणं यात पहिलं वर्षभर हिंदीच ठेवा, अर्धवट नेपाळीत मिलीलीटर सांगायला जाल तर नुकसान होईल. नेपाळी लागेल ती सकाळच्या दोन शब्दांना, सावध करायला, आणि ज्या बायकांना, पोरांना हिंदी येत नाही त्यांच्याशी बोलायला. हेच नेपाळी माणसांशी काम पडणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा वॉर्डातल्या नर्सताईंना लागू, बागेच्या शब्दांऐवजी तुमच्या कामाचे दहा शब्द घाला, बाकी क्रम तोच. नर्सताईंनी 'कहाँ दुख्यो?' पासून सुरू करावं, दुखणं दोन्हीकडे एकच आहे.

दाइ आले की पहिल्या सकाळी खुर्ची पुढे करा. 'दाइ, नमस्ते। यहाँ बस्नुस्। कहिले आइपुग्नुभयो?' ते म्हणतील 'हिजो बेलुका', काल संध्याकाळी. 'बाटोमा दुःख त भएन?' वाटेत त्रास नाही ना झाला. 'भएन।' 'घरमा सबैलाई कस्तो छ?' मग ते जे काही सांगतील त्यातलं अर्धं कळणार नाही, कळल्यासारखं दाखवू नका, 'बुझिनँ दाइ, फेरि भन्नुस् न' म्हणा, कळलं नाही, परत सांगा ना. शेवटचा न लावायला विसरू नका, तो आपल्या ना-सारखाच आहे. मग चहा मागवा, 'चिया खानुस्', हो, चहा ते खातातच.